थीसिस बाइंडिंगला टाकायच्या आधी पहिली पानं बघा

मंडळी, सोमवारी बाइंडिंगला जायच्या आधी सगळ्यांनी सुरुवातीची पानं प्रिंट काढून वाचा, स्क्रीनवर नको, स्क्रीनवर डोळा घसरतो.

सगळ्यात आधी टायटल. रजिस्ट्रेशनचं मंजुरी पत्र शेजारी ठेवा आणि मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र तिन्हीकडचं टायटल अक्षर न् अक्षर जुळवा. काल एकाचं बघितलं तर पत्रात "सोलापूर जिल्ह्यातील डाळिंब उत्पादक" आणि मुखपृष्ठावर "डाळिंब बागायतदार", अर्थ तोच असला तरी ऑफिसच्या दृष्टीने ते वेगळं टायटल, मग एकतर पत्राप्रमाणे करा नाहीतर बदलाची रीतसर मंजुरी घ्या.

प्रमाणपत्र बहुतेकांनी सीनियरच्या फाइलवरून उचललंय (मीही तेच केलंय 😅), त्यात मुलीच्या थीसिसमध्ये "त्यांनी स्वतः केलेले" च्या जागी "त्याने" राहतं, वर्ष जुनं राहतं आणि विषय दुसऱ्याचाच. फाइंड-रिप्लेसवर विसंबू नका, टेक्स्ट बॉक्समधलं कधी कधी सुटतं.

गाइडचं नाव मॅडम-सरांनाच विचारून लिहा, मधलं नाव, आद्याक्षरं आणि आजचा हुद्दा, कारण मधल्या काळात सहयोगीचे प्राध्यापक झालेले असतात. सहमार्गदर्शक असतील तर सहीची जागा दोन.

ऋणनिर्देश मनासारखा लिहा, फक्त "डॉ." आणि "प्रा. डॉ." सगळीकडे एकसारखं ठेवा, आणि तिथलं गाइडचं नाव मुखपृष्ठाशी जुळतंय ना ते बघा, तिथेच जास्त चुकतं. सह्या झाल्यावर पान बदललं तर परत सह्या घ्यायला लागतात.