"तू अजून सिंगल कशी काय?" असं परत कोणी विचारलं तर

मुगू,

बाबा दर अर्ध्या तासाला मोबाईलवर उद्यान एक्सप्रेस कुठे पोचली ते बघून मला सांगताहेत, आत्ताच म्हणाले सोलापूर गेलं. म्हणजे तू जेवली असशील. गूळपोळ्या निळ्या डब्यात आहेत, खाली कागद घातलाय, तूप वेगळं दिलंय. आणि हो, दाराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे ते काल विचारायचं राहिलं. काल काही विचारण्यासारखं राहिलंच नव्हतं म्हणा.

रिक्षात मी जे बोलले ते बोलायला नको होतं. दिवसभर उभी होतीस, पाय सुजले होते, त्यात मी कर्वे रोडच्या सिग्नलपासून घर येईपर्यंत ऐकवत राहिले. तू म्हणालीस "मग तूच देत जा माझ्याऐवजी उत्तरं", आणि तोंड बाहेर फिरवलंस ते आज स्टेशनपर्यंत तसंच. म्हणून लिहितेय. मला काय म्हणायचं होतं ते रिक्षात नीट आलंच नाही.

मी तुमच्या मागेच उभी होते गं, हातात जिलबीचं ताट घेऊन. तो निळ्या कुर्त्यातला मुलगा, नचिकेतचा मित्र, त्याने किती साधेपणाने विचारलं, "तू अजून सिंगल कशी काय?" हसत विचारलं. आणि तुझा चेहरा दहावीच्या तोंडी परीक्षेला व्हायचा तसा झाला. मग तू सुरू झालीस, आधी मास्टर्स, मग कोविड, मग बाबांची बायपास, मग ते त्या मुलाचं सगळं (नाव नाही घेत), मग बंगलोरला कोणाला वेळच नसतो वगैरे. सगळं खरं होतं, एक शब्द खोटा नव्हता. पण तो मुलगा आधी तुझ्याकडे बघत होता, मग ताटाकडे बघायला लागला, आणि शेवटी "होईल होईल" म्हणून आईस्क्रीमच्या रांगेत गेला. मुगू, त्याने जाब विचारला नव्हता. तुझ्याशी आणखी बोलायचं होतं त्याला आणि त्यासाठी त्याला सुचलेला तो प्रश्न होता.

हाच प्रश्न शालूआत्याने विचारला तर त्याचा अर्थ वेगळा. तिला स्थळं सुचवायची असतात, तिथे "मजेत आहे आत्या, तुमचा गुडघा कसा आहे" एवढं म्हणून पुढे सरकायचं. ऑफिसमधल्या साहेबाला किंवा जो आवडलेला नाही त्यालाही तेच, एक साधं वाक्य आणि विषय बंद, तिथे लाडिक काही बोलायला जाऊ नये, उगाच गैरसमज होतो. पण जो तुला बरा वाटतोय, त्याने विचारलं तर तो खरं म्हणजे विचारत असतो की मला जागा आहे का. तेव्हा कारणांची यादी दिली की त्याला वाटतं ही अजून त्या सगळ्यातच आहे, आपल्याला कुठे जागा.

मग काय म्हणायचं? तू रिक्षात चिडून विचारलंस ना, "मग काय म्हणायचं होतं मी?" आता सांगते.

तुझ्याबद्दलची एकच गोष्ट सांगायची, खरी आणि फक्त तुझीच, आणि ती अर्ध्यात सोडायची. समज तू म्हणाली असतीस, "रविवारी सकाळी सहाला उठायला कोणी तयार होत नाही." बस. एवढंच, आणि हसून गप्प. त्याने लगेच विचारलं असतं, "सहाला? कशाला?" मग तू, "ते सांगून कळत नाही, दाखवावं लागतं." बघ, यात तू बिचारी झाली नाहीस, कोणाला नावं ठेवली नाहीस, तुझा रविवार छान चाललाय हे त्याला कळलं, आणि दाखवावं लागतं म्हटल्यावर दार थोडंसं उघडं राहिलं, आत यायचं की नाही ते त्याने ठरवायचं. आणि हे खरं आहे! दर रविवारी हेब्बाळ तलावावर बाबांची दुर्बीण घेऊन जातेस की नाही? त्याने पुढे विचारलंच तर तुझ्याकडे सांगायला आहे, पाषाण तलावावर पहिल्यांदा शेकाट्या दिसला तेव्हा त्या लांब गुलाबी पायांना तू काड्या म्हणाली होतीस, सात वर्षांची होतीस, बाबांनी वहीत तारीख घातली होती. हे सांगताना तुझे डोळे कसे होतात ते तुला माहीत नाही, मला माहीत आहे.

मोबाईलवर फिरणारी ती तयार वाक्यं असतात ना, "तुझीच वाट बघत होते" छापाची, ती का पडतात माहितीये? समोरच्याने पुढे एक प्रश्न विचारला की मागे काही नसतं. शिवाय ती कोणालाही म्हणता येतात, म्हणजे त्याला त्यात तू दिसतच नाहीस. "माझे स्टँडर्ड हाय आहेत" म्हटलं की समोरचा एकदम परीक्षेला बसल्यासारखा होतो. आणि "योग्य कोणी भेटलंच नाही", हे तू नेहमी म्हणतेस, त्यावर तो काय बोलणार, "भेटेल" एवढंच. संपलं बोलणं.

सगळ्यात अवघड आहे ते गप्प बसणं. वाक्य बोलून झालं की दोन श्वास काही म्हणायचं नाही. तुझं तिथेच होतं, जरा शांतता झाली की तुला वाटतं आपण चुकलो, आणि तू ती जागा भरायला लागतेस. लहानपणी मी रागावले की पण असंच करायचीस, मी काही बोलायच्या आत सगळं सांगून टाकायचीस. माझ्यामुळेच लागली असेल ही सवय. गेल्या चार वर्षांत दर फोनवर मी हाच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारत आलेय, आणि माझ्या विचारण्यात तो जाबच असायचा, मग दुसऱ्या कोणी विचारला तरी तुला जाबच ऐकू येणार. रात्री झोप नाही आली मला यावरून. सॉरी मुगू.

तरी एक सांगते. त्याला उत्तर आवडलं की नाही ते कळतं. तो पुढचा प्रश्न विचारतो, किंवा "मी पाचला उठतो" अशी काहीतरी फुशारकी मारतो, तेव्हा आपण विचारायचं, "आणि तू? तुझं काय कारण?" म्हणजे एकट्यानेच उत्तरं द्यायची असं राहत नाही. नुसता हसून विषय बदलला तर आपणही बदलायचा, तेच वाक्य पुन्हा मारायचं नाही. आणि "नाही पण खरं कारण सांग ना" असं उलटतपासणीसारखं करायला लागला तर समजायचं की हा बोलत नाहीये, तपासतोय. तिथून उठायचं. चॅटवर तर हसू दिसत नाही, तेच वाक्य तिथे तुसडं वाटू शकतं, म्हणून एकच मेसेज टाकायचा आणि थांबायचं, त्याखाली लगेच "मजा करतेय हं" असं लिहायचं नाही. आणि हे सगळं पहिल्या भेटीपुरतं. तिसऱ्या चौथ्या भेटीत कोणी मनापासून विचारलं तर मात्र खरं सांग, बायपासचं, त्या मुलाचं, सगळं. तेव्हाही गमतीत टोलवत राहिलीस तर त्याला वाटेल ही कोणाला जवळ येऊच देत नाही.

लेक्चर झालं ना परत. बाबा वाचून तेच म्हणाले.

तुला आमचं १९८९ चं माहीत आहे, पण माईंनी सांगितलेलं माहीत आहे, माझं नाही. मी सव्वीसची होते, तेव्हाच्या मानाने फारच. सदाशिव पेठेतल्या वाड्यात वरच्या खोलीत पाच माणसं बसली होती आणि बाबांच्या मावशींनी विचारलं, मुलीचं अजून कसं काय जमलं नाही? आईने उत्तर दिलं माझ्याऐवजी, खाली बघून, पत्रिका, मंगळ, मोठ्या बहिणीचं आधी करायचं होतं, असं सगळं. मी पोह्यांच्या बशीवरची कोथिंबीर बघत होते. मग आम्हाला दोघांना गॅलरीत पाठवलं. बाबांनीही तेच विचारलं, पण हळू, जरा घाबरतच. मी म्हटलं, "रविवारी सिंहगडावर या, अर्ध्या चढावर सांगते." कुठून आलं तोंडात कोण जाणे. आणि पुढे काही बोललेच नाही. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता तेवढाच आवाज.

रविवारी हे पीएमटीने आले. चपला घालून! अर्ध्यात दमले, बसले, मला म्हणाले, "आता सांगा." सांगितलं मी. आधीच्या दोन स्थळांनी नोकरी सोड म्हटलं होतं, त्यांना मी नको म्हटलं. रडगाणं न गाता सांगितलं, वर पोचायच्या आधी संपलं पण. मग वर मडक्यातलं दही खाल्लं आणि ते म्हणाले मी सोडायला सांगणार नाही. नाही सांगितलं कधी.

म्हणून मला काल इतकं लागलं. तू आईसारखी उत्तर देत होतीस, माझ्या आईसारखी, खाली बघून, जसं काही आपल्याकडून गुन्हा झालाय. तुझ्यात कसली कमी आहे? बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा सगळे फॉर्म, पैसे, रक्ताची जमवाजमव तू एकटीने केलीस आणि मला रात्री घरी झोपायला पाठवलंस. एवढी मुलगी एका जिलबीच्या ताटापुढे माफी मागत उभी होती.

लग्न कर असं मी म्हणत नाहीये या पत्रात. खरंच नाही. नाही झालं तरी चालेल असं बाबांना म्हणूनही झालंय माझं. फक्त रात्रीबेरात्री ताप चढला, उठवेना, तर दार उघडून आत येईल असं कोणीतरी त्या गावात हवं, एवढंच येतं डोक्यात, भांडी घासताना येतं, गाडी सोलापूरला पोचली म्हटलं तरी येतं. तो मुलगा असो, मैत्रीण असो, शेजारी असो. मला माहितीये हे मी परत तिथेच आणलं.

नचिकेतकडून मी त्या निळ्या कुर्त्याचा नंबर वगैरे मागितलेला नाही. मागणारही नाही, शप्पथ.

बाबा सांगताहेत की दुर्बिणीची डावी काच सैल झालीये, रविवारी नेण्याआधी घट्ट करून घे, नाहीतर तलावात जाईल. आणि पोचलीस की आधी दुसरी किल्ली खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे दे, मग आंघोळ कर, मग मला फोन कर. रागात असशील तर नुसता मिस कॉल दे.

आई