‘पेक्षा’ नाही आणि ‘एवढी’ नाही

प्रिय मधू,

चार महिने पत्र नाही, फोन नाही. रागावली असशील तर तुझं बरोबरच आहे. माझी तब्येत ठीक, पाठ अधूनमधून दुखते. पण काल इथे जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

माझ्या तैपेईतल्या घरमालकीणबाईंना मी ‘आयी’ म्हणते, म्हणजे मावशी. परवा त्यांनी जेवायला बोलावलं. दोन्ही मुली होत्या. बोलता बोलता आयी चिनीत म्हणाल्या, “च्येच्ये पी मेइमेइ त्सोंगमिंग.” ‘पी’ म्हणजे ‘पेक्षा’, थोरली धाकटीपेक्षा हुशार. (हो, ‘पी’च. रोमन लिपीत बी लिहितात, पण उच्चार आपल्या ‘प’चा, हे तू शेवटपर्यंत मान्य केलं नाहीस.) धाकटीने मान खाली घातली आणि मला राहवलं नाही. मला म्हणायचं होतं, थोरली काही धाकटीपेक्षा हुशार नाही, दोघी सारख्याच. आपल्या चिनीच्या सरांनी फळ्यावर लिहिलेलं डोळ्यांपुढे आलं, ‘पी’चा नकार ‘मेइ यौ’. मी म्हणाले, “च्येच्ये मेइ यौ मेइमेइ त्सोंगमिंग.”

थोरलीने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. कुणी काही बोललं नाही.

रात्री लक्षात आलं की मी म्हटलं ते ‘थोरली धाकटीएवढी हुशार नाही’. मराठीत ‘पेक्षा हुशार नाही’ म्हटलं की बरोबरीला जागा उरते, ‘एवढी हुशार नाही’ म्हटलं की उरत नाही, पायरी खालीच. ‘मेइ यौ’ हे आपलं ‘एवढी नाही’ आहे. त्यात हवं तर ‘नाम’, म्हणजे ‘तितकी’, घालता येतं: “मेइ यौ मेइमेइ नाम त्सोंगमिंग.” ‘पी’च्या वाक्यात हे ‘नाम’ बसतच नाही. एवढं जरी मी मनात तपासलं असतं तरी थांबले असते.

मला हवं होतं ते ‘पू पी’. “च्येच्ये पू पी मेइमेइ त्सोंगमिंग”, थोरली धाकटीहून जास्त हुशार नाही, मग सारखी असेल किंवा कमी. पण हे वाक्य उगाच कुणी काढत नाही. समोरच्याने तसं म्हटलं असेल किंवा गृहीत धरलं असेल, तरच ते खोडायला येतं. आयींनी म्हटलंच होतं, म्हणजे जागा अगदी बरोबर होती. तरी त्यातही थोरलीच खाली ओढली जाते. त्यापेक्षा “मेइमेइ पू पी च्येच्ये छा”, धाकटी काही थोरलीपेक्षा कमी नाही, असं म्हटलं असतं तर कुणालाच लागलं नसतं. बघ, हे शब्द दुसऱ्या दिवशी सुचतात.

तुला ती चिठ्ठी आठवते ना? परीक्षेनंतर तू माझ्या वहीत ठेवलेलीस, “वो पू रू नी.” मी तुझी बरोबरी करू शकत नाही. ‘पू रू’च्या पुढे गुण लावायचीही गरज नाही, एकट्यानेच ‘उणी’ म्हणतं. लावलाच तर चांगला गुण लावावा लागतो, ‘त्याच्याएवढी मठ्ठ नाही’ असं त्यात कुणी म्हणत नाही. तू ते माझं कौतुक म्हणून लिहिलंस आणि मला वाटलं टोमणा मारतेस. आठ दिवस बोलले नाही. आणि त्याआधी ‘था पी वो हन काओ’ यावरून आपलं भांडण! तू म्हणायचीस ‘खूप उंच’ म्हणायचं तर ‘हन’ हवंच, सरांनी मार्क कापले तरी तू हटली नाहीस. ‘पी’ आला की ‘हन’ चालत नाही गं, फरक मागून सांगायचा, ‘काओ त त्वो’, बराच उंच. पण ते भांडण गोड होतं, चिठ्ठीचं नव्हतं. परवापासून मला सारखी ती चिठ्ठीच आठवते.

काल संध्याकाळी थोरलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, “नी कन मेइमेइ ई यांग त्सोंगमिंग”, तू धाकटीइतकीच हुशार आहेस. ती हसली, पण डोळ्यांनी नाही. म्हणाली, “पू ई यांग.”

सारख्या नाही. पण ‘पू ई यांग’ फक्त वेगळेपण सांगतं, कोण वर कोण खाली ते सांगत नाही. तिला काय म्हणायचं होतं? आम्ही वेगवेगळ्या, मापू नका? की मी उणीच? मी तोंड उघडेपर्यंत ती दार लोटून आत गेली.

तुझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? नवीन घराचं काय? पिंट्याला माझ्याकडून पापा. आणि आल्या टपाली कळव, तू दाराशी असतीस तर काय बोलली असतीस. उद्या सकाळी जिन्यात ती पुन्हा भेटणार आहे.

तुझी,
वैशू