शनिवारपर्यंत लक्ष ठेव

चि. अनिकेत,

अनेक आशीर्वाद.

नऊ वाजता फोनवर "आता बरंय गं" म्हणालास आणि झोपायला गेलास. मी जागीच आहे. बाबा म्हणाले, सकाळी बोल त्याच्याशी. पण सकाळी तुझी कामाची घाई असते, अर्धं ऐकतोस आणि "हो हो" म्हणतोस. म्हणून लिहून ठेवते. उठल्या उठल्या वाच.

आधी एवढंच कळव, लघवी झाली का आणि रंग कसा होता. लाजू नकोस, वॉर्डात आयुष्य गेलंय माझं. फिकट पिवळी असेल तर मला बाकी काही नको. गडद, चहासारखी असेल किंवा सहा-आठ तासांत झालीच नसेल, तर हे पत्र तिथेच ठेव आणि दवाखान्यात जा.

आता जे झालं ते नीट मांडते. वॉर्डात उलटीचा पेशंट आला की आमच्या मोठ्या सिस्टर "काय खाल्लंत" याच्याही आधी "कधी खाल्लंत" विचारायच्या. तुझ्या सांगण्याप्रमाणे भात शनिवारी रात्री नऊला झाला. पातेलं झाकून ओट्यावरच राहिलं, चिकनचा रस्साही. रविवारी दीड वाजता तू भाताला फोडणी दिलीस, रस्सा गरम केलास आणि जेवलात. चारला तुला पहिली उलटी, आठपर्यंत चार झाल्या, ताप नाही, जुलाब नाहीत. नीलेशला एकदा उलटी झाली. तुषारने भात घेतला नव्हता, रस्सा आणि चपाती खाल्ली, तो ठणठणीत आहे. खाल्ल्यापासून अडीच तासांत सुरू झालेल्या उलट्या, ताप नाही आणि भात न खाणारा सुटला. माझा संशय भातावर आहे.

तू म्हणालास, "अगं, चांगला वाफ येईपर्यंत परतला होता, वासही नव्हता." तिथेच माणूस फसतो. तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. कणखर बी असावं तसे ते, भात शिजतानाच्या उकळीतही मरत नाहीत. शिजलेला भात तासन्‌तास कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि भातात विष सोडतात. ते विष उष्णतेला दाद देत नाही. फोडणीत जंतू मेले तरी विष तसंच राहतं, आणि त्याला वास नाही, चव नाही. ते पोटात गेलं की अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत उलट्या सुरू होतात आणि बहुतेकांना चोवीस तासांत बरं वाटतं. म्हणून फोनवर मी घाबरले नाही. खरं म्हणजे घाबरले, पण तुला कळू दिलं नाही.

आता दुसरं घड्याळ. भाताचं आज दुपारपर्यंत थांबेल, पण रस्साही ओट्यावरच होता. कोंबडीतून येणारे साल्मोनेलासारखे जंतू सावकाश वर येतात. सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही. रस्सा खळखळून उकळला असेल तर ते मेले असतील, पण तू तो नुसता गरम केलास की उकळलास, हे मला माहीत नाही. कापताना पाटावर आणि सुरीवर काय राहिलं तेही नाही. म्हणून येत्या शनिवारपर्यंत तिघांनी लक्ष ठेवायचं. तुषारनेसुद्धा, आज तो ठणठणीत असला तरी. पोटात मुरडा येऊन जुलाब लागले, अंगात कणकण भरली, तर "कालचं बरं झालं होतं, आता हे वेगळंच काहीतरी" असं समजू नका. त्याच जेवणाचं असू शकतं. डॉक्टरांना रविवारचं जेवण आणि वेळ सांगा.

नीलेशचं मात्र वेगळं आहे आणि त्याच्यावरून मला झोप नाही. तो इन्सुलिन घेतो. त्याला एकदाच उलटी झाली, रात्री साखर तपासली, बरी होती, हे सगळं मान्य. तरी सकाळी त्याला त्याच्या डॉक्टरांना फोन करायला लाव. जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन आपल्या मनाने बंद करायचं नाही, हे त्याला ठणकावून सांग. टाईप वनच्या पेशंटने उलट्यांत इन्सुलिन थांबवलं की रक्तात आम्ल वाढतं, आणि ते उलटीपेक्षा कितीतरी वाईट. पुन्हा उलटी झाली किंवा श्वास जोरजोरात चालला, तर वाट न बघता हॉस्पिटल. तुला स्वतःला उलट्या होत असताना तू उठून त्याला पाणी करून दिलंस, हे मी बाबांना पुन्हा पुन्हा सांगितलं.

पाण्याचं. पाकिटावर डब्ल्यूएचओचं सूत्र असं लिहिलेलं ओआरएस आण. मोठं पाकीट एक लिटरचं, छोटं दोनशे मिलिचं असतं. वाचून तेवढ्याच पाण्यात घाल, अर्धं पाकीट अंदाजाने नको. खोक्यातलं गोड फळाचं पेय म्हणजे ओआरएस नव्हे. पाकीट मिळालंच नाही तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चहाचा चमचा, पोह्यांचा नव्हे, आणि मीठ जराही जास्त नको. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, मग चमच्या-चमच्याने सुरू करायचं. गटागटा प्यायलास की पोट ताणतं आणि सगळं बाहेर येतं.

तू दोन वर्षांचा असताना असाच लागला होतास. माईआत्याच्या घरी होतो, बाहेर मुसळधार पाऊस, वाशिष्ठीला पूर, गाडी निघेना. रात्रभर तुला मांडीवर घेऊन वाटी-चमचा चालला होता. एक चमचा, थोडं थांबायचं, पुन्हा एक. पहाटे तू माझ्या साडीवर शू केलीस आणि मी रडायला लागले. आत्याला वाटलं काहीतरी बरंवाईट झालं. तेव्हापासून मी वॉर्डात प्रत्येक आईला आधी तेच विचारायची. तुलाही तेच विचारतेय.

डॉक्टरकडे कधी जायचं, ते सांगते. शौचात रक्त दिसलं की लगेच. ताप १०२च्या वर गेला की लगेच. घोटभर पाणीही टिकत नसेल, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तोंड कोरडं पडलं असेल आणि लघवी कमी झाली असेल, तर सलाईनची गरज असू शकते, घरी बसून चालणार नाही. जुलाब तीन दिवसांपेक्षा जास्त चालले तरी जायचं. दुखणं बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलं आणि तिथेच बसलं, तर ते जेवणाचं नसून अपेंडिक्सचं असू शकतं. भाताला दोष देत बसू नकोस. आणि एकाचे दोन दिसणं, पापण्या जड होणं, बोलताना जीभ अडखळणं, गिळता न येणं, यातलं काही झालं तर एक मिनिटही थांबायचं नाही. हे फार क्वचित होतं, पण झालं तर श्वासावर येतं.

मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी आणू नकोस. ताप किंवा रक्त असताना ती घेतली तर त्रास वाढू शकतो. अँटिबायोटिक मागच्या वेळचं उरलेलं घेऊ नकोस. उलट्या विषामुळे आहेत, त्यावर ते चालतच नाही. आणि तुझ्या त्या अंगदुखीच्या गोळ्या, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक, या आठवड्यात डब्यातच राहू देत. अंगातलं पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडाला त्रास देतात. अण्णांच्या वेळी आपण बघितलंय.

भाषण झालं हे मला कळतंय. तू सव्वीस वर्षांचा आहेस, तीन माणसांचा स्वयंपाक करतोस. माफ कर. पण एक गोष्ट लिहू की नको करत होते, ती लिहितेच. २००८ मध्ये ब्रसेल्समध्ये वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने पाच दिवस बाहेर राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्ली. अर्ध्या तासात त्याचं डोकं आणि पोट दुखू लागलं, तासन्‌तास उलट्या झाल्या. तो फक्त पाणी पीत राहिला, रात्री झोपला आणि सकाळी उठला नाही. याच जंतूचं विष, यकृत निकामी झालं. असं फार विरळ होतं, आणि तुझा भात पाच दिवसांचा नव्हता. घाबरवायला सांगत नाही. पण उलट्या थांबल्यावरही माणूस फारच गुंगीत वाटला, बोलताना गोंधळला, डोळे पिवळे दिसले, तर ते थकव्याचं समजून झोपू द्यायचं नाही. म्हणून तुषारला मी परस्पर फोन केला आणि रात्री दोनदा तुला उठवून नाव विचारायला सांगितलं. रागावू नकोस त्याच्यावर.

भात खाणं सोडू नकोस. आपल्या घरात फोडणीच्या भातावर सगळे वाढलेत आणि तू करतोस तो माझ्यापेक्षा चांगला होतो, शेंगदाणे जास्त असतात म्हणून. फक्त उरलेला भात रात्री परातीत पसरायचा, वाफ गेली की तासाभरात उथळ डब्यात घालून फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. पुण्याच्या उन्हाळ्यात ओट्यावर दोन तासही फार झाले. रात्रभर बाहेर राहिला तर टाकून दे. अन्न टाकायला तुझा हात धजत नाही, ते आजीचं शिकवणं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, तरी टाक.

आज पातळ पेज घे, मीठ घालून, मग मऊ खिचडी. दूध दोन दिवस नको. दुपारी बारा वाजता फोन करते. त्याआधी लघवीचं लिहून पाठव, आणि नीलेशच्या सकाळच्या साखरेचा आकडाही.

तुझी,
आई