ऑर्डर गेली की नाही, हे कोण पाहणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला अल्गो ट्रेडिंगवरचा लेख वाचला. प्रोग्राम लावून दिला की माणसाचा लोभ आणि भीती बाजूला पडते आणि मग नफ्याचा रस्ता मोकळा होतो, असा त्याचा एकंदर सूर होता. मी गेली नऊ वर्षं शेअर्सचे सौदे करतो. पहिली पाच वर्षं सगळं हातानेच चालायचं. पुढची चार अर्धं हाताने आणि अर्धं स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामकडून चाललं आहे. या चार वर्षांत जे हाती लागलं ते लेखातल्या चित्राशी फारसं जुळत नाही, म्हणून हे लिहितो.

वेगाचा मुद्दा आधी निकालात काढू. मोठ्या कंपन्या आपली यंत्रं थेट एक्स्चेंजच्या डेटा सेंटरमध्ये नेऊन ठेवतात आणि त्यांच्या ऑर्डरचा हिशोब सेकंदाच्या दशलक्षांशात चालतो. माझी ऑर्डर घरच्या इंटरनेटवरून ब्रोकरच्या सर्व्हरला जाते, तिथे तपासली जाते आणि मग एक्स्चेंजला पोचते. सगळं सुरळीत असलं तरी यात सेकंदाचा दहावा भाग सहज जातो. त्या शर्यतीत आपण नाहीच. आपला प्रोग्राम आपल्या बोटापेक्षा वेगवान असतो, एवढंच.

खरा फरक मला कळला तो प्रोग्राम लिहायला बसलो तेव्हा. हाताने सौदे करताना माझा एक लाडका नियम होता: भाव पडायला लागला की निघायचं. पाच वर्षं हे वाक्य मला पुरलं. ते कोडमध्ये उतरवायला घेतलं आणि प्रश्नांची रांग लागली. पडला म्हणजे किती पडला? कोणता भाव धरायचा, शेवटच्या सौद्याचा की समोरचा खरेदीदार देतो आहे तो? मध्येच एखादा चुकार सौदा खाली झाला आणि पुढच्या क्षणी भाव पूर्ववत झाला तर? पाच मिनिटांची कँडल, म्हणजे तेवढ्या वेळातल्या भावांची आलेखावरची पट्टी, पूर्ण होईपर्यंत थांबायचं की नाही? आणि 195 वर निघायचं ठरवलं असताना सकाळी बाजार 190 वरच उघडला तर? त्या वेळी अमुक भावाखाली विकू नको अशी मर्यादा लावलेली स्टॉप ऑर्डर तशीच पडून राहते आणि बाजारभावाची ऑर्डर 190 ला विकून टाकते. दोन्हींपैकी काय हवं, हे आदल्या दिवशीच सांगून ठेवावं लागतं. हाताने सौदे करताना हे सगळं माझी नजर परस्पर ठरवत होती आणि दरवेळी वेगळं ठरवत होती. नियम आहे असं मी समजत होतो, प्रत्यक्षात ती सवय होती.

सामान्य माणसाने आधी काय प्रोग्रामवर सोपवावं, असं मला विचाराल तर मी सांगेन, किती शेअर घ्यायचे हा हिशोब. हे काम कंटाळवाणं आहे आणि माणूस नेमकं इथेच घसरतो. समजा भांडवल 1,00,000 आहे, चलन कुठलंही धरा. एका सौद्यात त्याच्या अर्ध्या टक्क्याहून, म्हणजे 500 हून अधिक गमवायचे नाहीत असं ठरवलं. भाव 200 आणि स्टॉप-लॉस, म्हणजे तोटा कापून निघायचा भाव, 195 असेल तर एका शेअरमागे धोका 5 चा, म्हणून 100 शेअर घ्यायचे. स्टॉप 190 ला हवा असेल तर फक्त 50. चौथीतला भागाकार आहे, पण लागोपाठ दोन तोटे झाले की हाताने सौदे करणारा तो करत नाही. सरळ 200 शेअर घेऊन मोकळा होतो. मी झालो आहे.

मात्र खरेदी पाठवली आणि मागोमाग स्टॉप-लॉस लावला, एवढ्यावर काम संपत नाही. 100 शेअरची खरेदी पाठवली आणि त्यातले 60 च मिळाले, हे रोजचं आहे. प्रोग्रामने डोळे मिटून 100 चा स्टॉप लावला असेल आणि भाव 195 ला आला, तर तो 60 विकून थांबत नाही. नसलेले 40 सुद्धा विकतो. तोटा कापून आपण बाहेर पडलो असं वाटतं आणि खात्यात 40 शेअरचा शॉर्ट सौदा उभा असतो. म्हणून स्टॉपचा आकडा मागितलेल्या शेअरवरून काढायचा नाही, हातात आलेल्या शेअरवरून काढायचा आणि उरलेली खरेदी पूर्ण होत जाईल तसा बदलायचा. नफ्याचं टार्गेट आणि स्टॉप अशा दोन विक्री ऑर्डर एकाच वेळी लावून ठेवणाऱ्यांनीही हे पाहावं. एक पूर्ण झाली की दुसरी रद्द व्हायलाच हवी, आणि ती रद्द झाल्याची पोच यायला हवी.

माझा स्वतःचा अपघात याहून साधा होता. प्रोग्रामने 100 ची खरेदी पाठवली आणि ब्रोकरकडून ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही. उत्तर नाही म्हणजे ऑर्डर गेली नाही असं गृहीत धरून मी कोडमध्ये पुन्हा पाठवायची सोय करून ठेवली होती. प्रत्यक्षात पहिली ऑर्डर केव्हाच पूर्ण झाली होती, वाटेत हरवलं होतं ते फक्त उत्तर. माझ्याकडे 200 शेअर आले. प्रोग्रामच्या वहीत मात्र 100 च होते, म्हणून स्टॉपही 100 चाच लागला. भाव पडला, 100 विकले गेले, प्रोग्रामने 'सौदा बंद' अशी नोंद केली आणि राहिलेले 100 दिवसभर खाली जात राहिले. मी त्या वेळी दुसऱ्या कामात होतो. संध्याकाळी खातं उघडलं तेव्हा कळलं.

यात ब्रोकरचा दोष नव्हता. त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. प्रत्येक ऑर्डरला पाठवण्याआधीच मी माझा एक क्रमांक देतो. उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवत नाही, ब्रोकरच्या ऑर्डर बुकात तो क्रमांक आहे का ते आधी शोधतो. आणि दर मिनिटाला प्रोग्राम आपली वही आणि खात्यातला खरा आकडा ताडून पाहतो. दोन्ही जुळले नाहीत तर नवी ऑर्डर बंद आणि माझ्या फोनवर घंटा. चूक शोधून ती दुरुस्त करण्याचा शहाणपणा मी प्रोग्रामला मुद्दाम दिलेला नाही. वही चुकली आहे हे त्याला कळतं, का चुकली हे कळत नाही.

असल्या चुका फक्त घरगुती कोडमध्ये होतात असं नाही. शेअर्सचे सौदे करणाऱ्या अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल कंपनीचं उदाहरण प्रसिद्ध आहे. 1 ऑगस्ट 2012 च्या आधी त्यांनी आपल्या आठ सर्व्हरवर नवं कोड चढवायला घेतलं. सातांवर ते चढलं, आठव्यावर राहून गेलं आणि त्या दिवशी तिथलं जुनं, वापरात नसलेलं कोड जागं झालं. ऑर्डर पूर्ण झाली की थांबायचं, हेच त्याला समजत नव्हतं. सुमारे 45 मिनिटांत कंपनीचे 44 कोटी डॉलरहून अधिक गेले. गंमत अशी की बाजार उघडण्याआधीच यंत्रणेने या बिघाडाशी संबंधित 97 ईमेल पाठवले होते. ते इशारे आहेत असं समजून कोणी वाचलेच नाहीत.

आता लेखातल्या मुख्य दाव्याकडे येतो: कधी घ्यावं आणि कधी विकावं, हेच प्रोग्रामला ठरवू द्यावं. ते जमतं, नाही असं नाही. पण जुन्या भावांवर चाचणी घेतली आणि नफ्याचा आलेख वर गेला म्हणून कोणी भुलू नये. पाच मिनिटांच्या कँडलवर चालणारा माझा एक नियम होता. 600 सौदे, प्रत्येकी 100 शेअर, भाव 200 च्या आसपास, सरासरी नफा शेअरमागे 0.25. म्हणजे कागदावर 15,000. या चाचणीत सगळे सौदे शेवटच्या भावाने झाले असं धरलं होतं. बाजारात घेणाऱ्याला विक्रेत्याचा भाव द्यावा लागतो आणि विकताना खरेदीदाराचा भाव घ्यावा लागतो. त्या फरकात 0.10 गेले. ऑर्डर पोचेपर्यंत भाव सरकतो, त्यात जाता-येता मिळून आणखी 0.10. ब्रोकरेज आणि कर मिळून 0.10. शेअरमागे खर्च 0.30, नफा 0.25. तोच नियम बाजारात चालवला असता तर चाचणीतल्या 15,000 च्या नफ्याऐवजी 3,000 चा तोटा झाला असता.

शिवाय त्या चाचणीत आणखी एक खोट होती, ती मला उशिरा दिसली. कँडल बंद झाल्यावर जो भाव कळतो त्यावरून संकेत काढायचा आणि खरेदीही त्याच भावाने झाली असं धरायचं, असं माझं कोड करत होतं. खरेदी पुढच्या कँडलच्या पहिल्या भावाने धरली तर सरासरी नफा 0.25 वरून आणखी खाली आला. तेव्हापासून मी दिवसाच्या कँडलवर चालणारे मोजके नियमच प्रोग्रामला देतो. सौदे कमी होतात आणि एका सौद्यातली अपेक्षित हालचाल खर्चाच्या अनेक पट असते. तिथे इंटरनेट अर्धा सेकंद रेंगाळलं तरी सहसा बिघडत नाही.

स्टॉप-लॉस मात्र मी प्रोग्रामच्या पोटात ठेवत नाही. खरेदी होताच त्याची ऑर्डर ब्रोकरकडे जाऊन बसते. माझं यंत्र बंद पडलं, वीज गेली तरी ती तिथे असते. रोज सकाळी प्रोग्राम मीच चालू करतो. कंपनीचे निकाल लागायचे असतील किंवा शेअरची विभागणी होऊन भाव रातोरात अर्धा दिसणार असेल, तर तो शेअर यादीतून हाताने काढतो. विभागणीचा एक दिवस माझ्या प्रोग्रामला घसरण वाटला होता, तेव्हापासूनची ही सवय.

आपल्याला एक विनंती. पुरवणीत असा नफ्याचा आलेख पुन्हा छापाल तेव्हा त्याखाली एवढं द्यावं: एकूण सौदे किती, एका सौद्यामागे सरासरी नफा किती आणि त्यातून खर्च वजा केला आहे की नाही. त्या लेखातल्या आलेखाखाली यातलं काहीच नव्हतं.

आपला,
एक नियमित वाचक