नीट दिसतंय, तरी दर महिन्याला पडदा का तपासायचा

प्रिय आई-बाबा,

आई, काल तू फोनवर म्हणालीस की तुला सगळं नीट दिसतंय ना, मग दर महिन्याला डोळे दाखवायला कशाला जायचं, ते ड्रॉप्स घातले की अख्खा दिवस वाया जातो. मला फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितोय. बाबा, तुम्ही आईला वाचून दाखवा.

माझा एचआयव्हीचा रिपोर्ट आला तेव्हा सीडी४ काउंट होता फक्त २८. चांगल्या तब्येतीच्या माणसाचा ५०० च्या वर असतो, म्हणजे माझी प्रतिकारशक्ती जवळजवळ संपलीच होती. काउंट ५० च्या खाली गेला की सायटोमेगॅलो नावाचा एक व्हायरस डोळ्याच्या पडद्यावर हल्ला करू शकतो, डॉक्टर त्याला सीएमव्ही म्हणतात. हा काही मला आत्ता कुठून नवीन लागलेला नाही, बहुतेकांच्या अंगात तो लहानपणापासूनच शिरलेला असतो, तुमच्याही असेल, पण प्रतिकारशक्ती चांगली असली की तो आयुष्यभर झोपून राहतो. म्हणून आई, माझा टॉवेल वेगळा ठेवायची अजिबात गरज नाही, माझ्या डोळ्यातून तुम्हाला काही होणार नाहीये.

तेव्हा मला डोळ्यांची काहीही तक्रार नव्हती. लाली नाही, दुखणं नाही, पाणी येणं नाही. भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळसुद्धा मी दोन्ही डोळ्यांनी वाचली आणि मला वाटलं झालं, सुटलो. मग त्यांनी बाहुल्या मोठ्या करायचे ड्रॉप्स घातले, अर्ध्या तासाने मला आडवं झोपवलं, डॉक्टरांनी डोक्याला दिवा लावला, हातात भिंग धरलं आणि वर बघ, खाली बघ, उजवीकडे, तिरकं वर असं करत पडद्याची पार कड बघितली, मधेच पापणीवरून एका बारीक दांडीने हलकं दाबत होते म्हणजे अगदी टोकाचा भाग पुढे येतो. उजव्या डोळ्यात कानाकडच्या बाजूला, कडेजवळ, एक पट्टा सापडला. त्यांनी मला स्क्रीनवर फोटो दाखवला, नारिंगी पडद्यावर पिवळट पांढरा डाग, त्यात रक्ताचे लाल शिंतोडे, आणि डागाची कड साखर सांडल्यासारखी दाणेदार. ती दाणेदार कड म्हणजे व्हायरस जिथे चालू आहे ती जागा, तिथून तो रोज थोडा थोडा पुढे सरकतो आणि मागे मेलेला पडदा सोडत जातो. मेलेला भाग परत जिवंत होत नाही, कुठल्याच औषधाने नाही.

मग मला कळलं कसं नाही? कारण तक्ता वाचतो तो पडद्याचा अगदी मधला छोटासा भाग आणि माझा मधला भाग शाबूत होता. उजव्या डोळ्याला नाकाकडच्या बाजूचं थोडं दिसत नव्हतं, पण तेवढं डावा डोळा बघतो, दोन्ही डोळे उघडे असले की मेंदू ती जागा भरून काढतो आणि माणसाला पत्ताही लागत नाही. पुष्कळ लोकांचं असंच होतं, तरंगणारे ठिपके किंवा धूसरपणा जाणवेपर्यंत रोग बराच पुढे गेलेला असतो. आई, "नीट दिसतंय" हे माझं म्हणणं म्हणूनच पुरेसं नाहीये. मी रोज सकाळी एकेक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे बघतो, ते चालू ठेवणारच, पण त्याने कडेचा डाग कळेलच असं नाही.

औषधाचं तुम्हाला माहितीय, व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर, ४५० मिलीग्रॅमच्या दोन गोळ्या सकाळी आणि दोन रात्री, जेवणासोबत, असं २१ दिवस, आणि मग दिवसातून एकदाच दोन. एचआयव्हीच्या गोळ्या त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत सुरू केल्या. पहिल्या महिन्यात माझ्या पांढऱ्या पेशी खाली आल्या म्हणून तुम्ही घाबरला होतात ना, ते याच औषधामुळे, आणि म्हणूनच रक्त सारखं तपासत होते. डाग माझ्या बघण्याच्या केंद्रापासून लांब होता म्हणून गोळ्यांवर भागलं, केंद्राच्या जवळ असता तर डोळ्यात इंजेक्शनसुद्धा द्यावी लागली असती.

आता मुद्दा महिन्याच्या तपासणीचा. हे औषध व्हायरसला मारत नाही, फक्त वाढू देत नाही. खरी राखण माझी स्वतःची प्रतिकारशक्तीच करणार आणि ती अजून तयार होतेय, मागच्या वेळी काउंट ६४ होता. तोवर जुन्या डागाच्या कडेने तो पुन्हा डोकं वर काढू शकतो आणि तेही गुपचूप, मला न कळता. म्हणून डॉक्टर दर वेळी नवा फोटो काढतात आणि मागच्या महिन्याच्या फोटोशेजारी ठेवतात. एका रक्तवाहिनीचा फाटा खूण म्हणून धरलाय, डागाची कड त्याच्या अलीकडे आहे की पलीकडे एवढंच बघायचं. गेले दोन महिने ती अलीकडेच आहे आणि दाणे जाऊन कड सपाट, करडी झालीय, म्हणजे शांत आहे. हे मला आरशात दिसणार नाही, तुम्हालाही माझ्याकडे बघून कळणार नाही. डावा डोळाही दर वेळी तितकाच नीट बघतात, कारण एका डोळ्यात आला की दुसऱ्यातही येऊ शकतो.

बाबा, तुम्ही विचारलंत काउंट वाढला की संपलं का. लगेच नाही. काउंट वाढताना प्रतिकारशक्ती जागी होते आणि त्या जुन्या डागाच्या जागेवर तुटून पडते, त्याने डोळ्याच्या आत सूज येऊ शकते, ठिपके तरंगतात, मधलं दिसणं धूसर होतं. म्हणजे मी सगळ्यात बरा होत असतानाच हे होऊ शकतं, त्यावर वेगळे उपचार आहेत पण आधी ते सापडायला हवं. दुसरी भीती पडदा सरकायची, मेलेला भाग जुन्या धोतरासारखा विरलेला असतो, त्याला भोक पडून पडदा मागून सुटू शकतो. अचानक खूप ठिपके, लख्खकन प्रकाश चमकणं किंवा एका बाजूने काळी सावली पुढे येणं असं झालं तर महिन्याची तारीख बघायची नाही, त्याच दिवशी जायचं. मी असं काही बोललो आणि "सकाळी बघू" असं वर म्हणालो तर माझं ऐकू नका, मला घेऊन जा.

काउंट १०० च्या वर जाऊन तीन ते सहा महिने टिकला आणि डाग शांत राहिला तर सीएमव्हीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून बंद होतील. तपासणी मात्र तेव्हाही दर तीन महिन्यांनी, आणि पुढे वर्षातून एकदा तरी राहीलच. बाबा, तुमच्या शुगरसाठी तुम्ही दरवर्षी पडदा दाखवता तसंच धरा.

पुढची तारीख येत्या मंगळवारी सकाळची आहे. ड्रॉप्स घातले की चार-पाच तास जवळचं वाचता येत नाही आणि उजेड सहन होत नाही, मला गाडी चालवता येणार नाही, तेव्हा बाबा तुम्ही सोबत आलात तर बरं होईल. फोटो काढून झाले की मी डॉक्टरांना सांगून तुम्हालाही स्क्रीनवर तो रक्तवाहिनीचा फाटा दाखवायला लावेन.

तुमचा,
बंटी