रेक्झिन, पांढरे बूट आणि तू

प्रिय सुमे,

दिवाळीनंतर माझा फोन नाही, पत्र नाही. तू मनातल्या मनात मला जे काही म्हणाली असशील ते मान्य. तब्येत ठीक, गुडघा जसा होता तसाच आहे, आईचं बीपी गोळीवर. झालं. आता खरं सांगते, कारण हे वाचून डोक्याला हात लावणारी तू एकटीच आहेस.

एका नाटकाचे कपडे माझ्याकडे आलेत. दुसरा अंक १९६५च्या पॅरिसमध्ये. तीन मुली, तीन फ्रॉक. दिग्दर्शक पोरगा सव्वीस वर्षांचा, हुशार आहे, पण त्याच्या डोक्यात एकच शब्द बसलाय : 'स्पेस'. म्हणजे सगळं चकचकीत, सगळं पांढरं रेक्झिन, आणि मुलींना उंच टाचेचे बूट. मी म्हटलं, बाबा रे, तू ज्या आंद्रे कूरेजचे फोटो मला दाखवतोयस, त्याचे गाजलेले फ्रॉक बहुतेक लोकरीचे आहेत! जाड, दुहेरी विणीची लोकर आणि गॅबर्डीन. चकाकी फोटोग्राफरच्या दिव्यांची.

तुला आठवतं, क्लासमध्ये टक्सवरून आपलं भांडण झालं होतं? तू म्हणायचीस, टक्स दिसले तर कापणाऱ्याची लाज. मी म्हणायचे, टक्स म्हणजे प्रामाणिकपणा. तर हा कूरेज तुझ्या पार्टीतला निघाला. मूळचा पो गावचा, शिक्षण सिव्हिल इंजिनिअरिंगचं, मग दहा वर्षं बालेंसिआगाकडे कापायला शिकला आणि १९६१ साली, पुढे जिच्याशी लग्न केलं त्या कोकलीनबरोबर, स्वतःचं फॅशन हाउस उघडलं. छातीचा उभार द्यायला त्याने वेगळा टक्स घातला नाही. तो योकच्या आणि पुढच्या उभ्या जोडात मुरवला आणि त्या जोडावरून दाबटीप मारली. लपवायची गोष्ट त्याने उलट रेघ म्हणून मिरवली. आपल्या नाटकाच्याच वर्षी, १९६५ला, सां लोराँने मोंद्रियानच्या चित्रासारखे फ्रॉक केले. त्यातही काळ्या पट्ट्या आणि रंगीत चौकोन असे जोडले की आकार त्या जोडांतच मुरला. बघणाऱ्याला वाटतं सपाट चित्र, आत अंग बसलेलं असतं. हरले मी, लिहून घे.

आता माझी काळजी. हा फ्रॉक समोरून बघितला तर वर अरुंद, खाली रुंद. कमरेला कुठेच टेकत नाही. सगळं वजन खांद्यावर. म्हणजे खांदा आणि मुंढा अंगाला घट्ट हवा, आणि तिथून खाली कापडाने स्वतःच्या ताकदीवर उभं राहायचं. मऊ कापड घेतलं की ते अंगावर पडतं, आणि पॅरिसची मुलगी रविवारी सकाळी दूध घ्यायला निघालेल्या गाऊनमधल्या वहिनींसारखी दिसते. आपल्या उकाड्यात, स्टेजच्या दिव्यांखाली, दुहेरी लोकर कोण घालणार? मी जाड सूटिंगच्या मागे फ्यूजिंग लावून एक नमुना केला. उभा राहिला! पण खालची दुमड पातळ पडून लोंबायला लागली, म्हणून तिथे आतून दोन इंचांची कॅनव्हासची पट्टी घातली. आता घेर कडक राहतो आणि चालताना एकसंध डुलतो.

हे झाल्यावरही पोरगा म्हणतो, "मावशी, रेक्झिनचा एक तरी करू या." बरं. बोहरी आळीतून पांढरं रेक्झिन आणलं. सुमे, रेक्झिनला चूक माफ नाही. टाचणी लावली की भोक राहिलं, म्हणून स्टेशनरीचे चिमटे लावून जोडलं. मशीनचा पाय त्यावर चिकटतो आणि पुढे सरकतच नाही, म्हणून खाली-वर बटर पेपर ठेवून शिवायचं आणि नंतर कागद फाडून काढायचा. टीप लांब घ्यावी लागते. बारीक टीप घेतली की भोकांची रांग होते आणि ताण पडला की पोस्टाच्या तिकिटासारखं टर्रकन फाटतं. उसवून पुन्हा शिवायचं नाव नाही. इस्त्री नाही. मुंढ्याला बाही चुण्या जिरवून बसवायची, तर हे कापड दबतच नाही. म्हणून बिनबाहीचाच फ्रॉक केला. लंडनच्या मेरी क्वांटनेही १९६३ला पी.व्ही.सी.चे रेनकोट काढले, तेव्हा जोडांनीच तिला छळलं होतं. वाचून मला एवढं बरं वाटलं!

आणि हे टिकत नाही. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट पदार्थ मिसळलेला असतो. तो वर्षानुवर्षं हळूहळू वर येतो, पृष्ठभाग चिकट होतो, धूळ धरतो, पिवळा पडतो. संग्रहालयांत त्या काळचे व्हिनाइलचे कपडे सांभाळणं ही मोठी डोकेदुखी असते. लोकरीला कसर लागते, पण कसरीला डांबरगोळ्या तरी आहेत. पॅको राबानने तर १९६६ला बारा फ्रॉक केले आणि 'घालता न येणारे' असंच जाहीर करून टाकलं. प्लॅस्टिकच्या चकत्या, धातूच्या कड्या, सुईऐवजी पक्कड. तेवढ्या प्रामाणिकपणाचा मला मत्सर वाटतो.

बुटांवरून तर खरी जुंपली. पोराला उंच टाच हवी. कूरेजचे बूट सपाट, पोटरीच्या मध्यापर्यंत, पांढरे. टाच घातली की बाई पुढे कलते, पाठ आत जाते, फ्रॉक छातीवरून सुटतो आणि पुढचा काठ वर उचलला जातो. सपाट बुटात तीच मुलगी ताठ, लांब ढांगा टाकत चालते. शिवाय एवढा आखूड फ्रॉक आणि त्याखाली नुसता लांब पाय दिसला तर वरचा भाग जड वाटतो. पांढरा बूट खाली वजन देतो. नाहीतर सगळा भार खांद्यावरच अडकतो. आपल्या चप्पलवाल्याकडून मी करून घेतेय. तो मला "ताई, गमबूट घ्या की" म्हणाला. बोलले नाही काही.

आता ज्यासाठी लिहितेय ते. उंची! फोटोत गुडघ्याच्या वर चार इंच बरोबर दिसतं. पण आपलं स्टेज साडेतीन फूट उंच. पहिल्या रांगेत बसलेल्याचे डोळे जमिनीपासून चार फुटांवर, म्हणजे मुलीच्या घोट्याच्या जरा वर. तो खालून वर बघतो! मी भाच्याला खुर्चीत बसवून, एकीला टेबलावर उभं केलं. ती नुसती वळली आणि भाचा लाजून पळाला. त्या काळीही फ्रॉक चढले तसे मोज्यांचे पट्टे उघडे पडायला लागले आणि एकसंध टाइट्स आल्या. तेव्हा मी पांढऱ्या, जाड टाइट्स आणि आत त्याच कापडाची आखूड चड्डी देणार आहे. पण काठ दोन इंच खाली घ्यायचा की नाही? खाली घेतला की बुटाशी त्याचं प्रमाण बिघडतं आणि तो शाळेचा गणवेश दिसतो. मग ह्या सगळ्याला अर्थ काय? वर ठेवला तर मुलीच संकोचतात आणि ढांगा आखडतात, म्हणजे मेलं ते!

मला वाटतं मी काठ तिथेच ठेवून दिग्दर्शकाला सांगावं की मुलींना स्टेजच्या पुढच्या काठापासून चार फूट मागे हलव. मागे गेल्या की नजरेचा कोन बराच सपाट होतो. पण तो 'अडचणी सांगता' म्हणेल. तू मुलींची हालचाल पाहून सांगतेस तसं कुणालाच येत नाही. तालमीचा व्हिडिओ पाठवतेय, त्यातली डावीकडची बघ, ती सगळ्यांत उंच आहे.

तुझ्या नव्या दुकानाचं काय झालं? भाडं कमी केलं का त्याने? लेकीचं ॲडमिशन झालं ना? सविस्तर लिही, मी आज फार बोलले.

दोन इंच, हो की नाही, एवढंच आधी कळव. शुक्रवारी काठ दुमडायचाय.

तुझीच,
विजू