ई-स्पोर्ट्समधील पडद्यामागच्या कामांना अभ्यासक्रम हवा: कौशल्य विकास मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग, महाराष्ट्र शासन

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्स हा विषय क्रीडा मंत्रालयाकडे सोपवला आणि 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने त्याला पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांपासून वेगळे केले. तेव्हापासून चर्चा होते ती खेळाडूंची आणि बक्षिसांची. मी पुण्यात बीजीएमआय या मोबाइलवरील नेमबाजीच्या खेळाच्या संघांसाठी सामन्यांचे विश्लेषण करतो, आणि खेळाडूंच्या मागे उभ्या असणाऱ्या कामांकडे आपले लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमचे काम नेमके काय असते, ते एका उदाहरणाने सांगतो. या खेळाच्या सामन्यात चौघांचे सोळा संघ एकाच नकाशावर उतरतात. प्रचलित गुणपद्धतीत पहिल्या क्रमांकाला 10, दुसऱ्याला 6 असे उतरत्या क्रमाने आठव्या संघापर्यंत गुण मिळतात आणि बाद केलेल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्यामागे एक गुण मिळतो. समजा, एक संघ आठ जणांना बाद करून नवव्या क्रमांकावर संपला आणि दुसऱ्याने दोघांनाच बाद करून दुसरा क्रमांक मिळवला. दोघांच्याही खात्यात आठच गुण जमा होतात, मात्र पहिल्या संघाला नेमबाजी शिकवण्याची गरज नाही; तो लवकर का संपतो, हे गुणतक्त्यावरून कळत नाही. त्यासाठी विश्लेषक सामन्याचे चित्रण पुन्हा पाहून प्रत्येक वेळी संघ कुठे उतरला, ज्याच्या आत राहावे लागते ते आकसत जाणारे सुरक्षित वर्तुळ, म्हणजे झोन, कोणत्या बाजूला सरकला, गाड्या किती वाजता निघाल्या आणि पहिला खेळाडू कोणाच्या गोळीने पडला, याची नोंद करतो. झोन दूर सरकला की हा संघ उशिरा निघतो आणि आधीच घरे धरून बसलेल्या संघांसमोर उघड्या मैदानातून आत शिरतो, असे त्या नोंदींतून दिसले, तर प्रशिक्षक पुढच्या सरावात निघण्याची वेळच बदलतो. झोनचे सरकणे दैवाधीन असल्यामुळे पाच-सहा सामन्यांवरून असा निष्कर्ष काढणे धोक्याचे असते; सराव सामन्यांच्या, ज्यांना आम्ही स्क्रिम म्हणतो, बऱ्याच नोंदी साठल्यावरच योगायोग कोणता आणि सवय कोणती, हे ओळखू येते. निरीक्षण, नोंद आणि संयम यांचे हे काम जलद बोटांची अपेक्षा ठेवत नाही.

प्रक्षेपणात प्रेक्षकांना कोणते दृश्य दाखवायचे ते ठरवणाऱ्या ऑब्झर्व्हरचे कामही असेच आहे. एरँगल हा नकाशा आठ किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद आहे, त्यावर सुरुवातीला चौसष्ट खेळाडू असतात आणि प्रेक्षकांना एका वेळी एकच दृश्य दिसते. गोळीबार सुरू झाल्यावर कॅमेरा तिकडे नेला तर निम्मी चकमक निसटलेली असते, म्हणून दोन संघ एकाच टेकडीकडे येत आहेत हे ऑब्झर्व्हरला आधी हेरावे लागते. आयोजनात तर चुकीला जागाच नसते. सामना जिथे खेळला जातो त्या ऑनलाइन रूमचा आयडी आणि पासवर्ड बाहेर फुटला की भलतेच लोक आत शिरून एखाद्या संघाची जागा अडवतात. एखाद्याचे इंटरनेट मध्येच तुटले तर सामना पुढे चालवायचा की पुन्हा घ्यायचा, हा निर्णय लेखी नियम दाखवून काही क्षणांत द्यावा लागतो. नियम आधी लिहिलेले नसतील, तर संध्याकाळ भांडणात जाते.

हे सगळे आज आमची मुले एकमेकांचे पाहून, बहुतेक वेळा बिनपगारी शिकतात. त्यांचे करार स्पर्धेपुरते असतात आणि हातात दाखवायला एकही प्रमाणपत्र नसते. एका महाविद्यालयाने आम्हाला स्पर्धेसाठी सभागृह नाकारले, कारण तिथल्या प्राचार्यांना हा जुगार वाटला; कायद्यातला फरक त्यांच्यापर्यंत पोहोचलेलाच नव्हता.

म्हणून माझी विनंती अशी आहे, की रतन टाटा महाराष्ट्र राज्य कौशल्य विद्यापीठामार्फत सामना-विश्लेषण, प्रक्षेपण-निरीक्षण आणि स्पर्धा-संचालन यांचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम सुरू करावा. तो एका खेळाच्या नावावर मात्र बेतू नये. जुलै 2022 ते मे 2023 या काळात बीजीएमआय भारतात उपलब्ध नव्हता आणि केवळ त्याच खेळावर अवलंबून असलेल्यांचे काम थांबले होते. तक्ते तयार करणे, चित्रणातून नोंदी काढणे, नियमावली लिहिणे, नेटवर्क आणि वीज यांची पर्यायी सोय लावणे ही कौशल्ये शिकलेला मुलगा किंवा मुलगी कबड्डीच्या संघाकडे किंवा एखाद्या कार्यक्रम-व्यवस्थापन संस्थेतही काम मागू शकते. पूर्णवेळ जागा या क्षेत्रात आज थोड्या आहेत, त्यामुळे प्रवेशसंख्या सुरुवातीला लहान ठेवावी आणि परीक्षा लेखी न घेता प्रत्यक्ष स्पर्धेत काम करवून घ्यावी. त्यासाठी आंतरमहाविद्यालयीन ई-स्पोर्ट्स स्पर्धा हीच प्रयोगशाळा ठरू शकेल. आपल्या विभागाने उच्च शिक्षण विभागाशी बोलून महाविद्यालयांना तसे परिपत्रक पाठवावे. अभ्यासक्रमाचा मसुदा करताना या कामातील लोकांना बोलावल्यास आम्ही आमच्या नोंदवह्या आणि नियमावल्या घेऊन येऊ.

आपला नम्र,
पुण्यातील एक सामना-विश्लेषक